दिवा लुकलुकतो म्हणून मीटर चोर ठरत नाही

विजेचं बिल अंगावर आलं की आपल्या मंडळींत एकच सल्ला फिरतो. घरातलं सगळं बंद करा, मीटरसमोर उभे राहा, दिवा बघा. तरीही लुकलुकत असेल तर मीटर फास्ट आहे, कंपनीला फोन करा. एडिसन, आयसेलिन, जर्सी सिटीला बेसमेंटमध्ये किंवा दोन मजली घराच्या खालच्या भागात भाड्याने राहणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा सल्ला कुणीतरी दिलेला असतो.

सल्ल्यातली चाचणी चांगली आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे आणि त्याची किंमत तुम्ही मोजता. तुम्ही कंपनीला सांगता, ‘मीटर फास्ट आहे.’ कंपनीचा माणूस येतो, मीटर तपासतो, मीटर बरोबर निघतो. तक्रार बंद होते. तुमच्या नावावर ‘उगीच तक्रार करणारा’ असा शिक्का बसतो. आणि वरच्या मजल्यावरच्या घरमालकाचा फ्रीजर तुमच्या बिलावर पूर्वीसारखाच थंड राहतो.

म्हणून आधी हे समजून घ्या, की ही चाचणी नेमकं काय सांगते.

वाण्याच्या काट्याचं उदाहरण घ्या. काटा किलोमागे शंभर ग्रॅम जास्त दाखवतो का, हे रिकाम्या पारड्यावरून कधीच कळत नाही. त्यासाठी माहीत असलेलं वजन टाकून बघावं लागतं. पारडं रिकामं आहे असं आपण समजतोय आणि काटा तरीही दोनशे ग्रॅम दाखवतोय, तर पहिली शंका ही घ्यायची की पारड्यात काहीतरी आहे. किंवा कुणाचा तरी अंगठा आहे. मीटरचंही तसंच. फास्ट मीटर म्हणजे शंभर युनिट गेली तर एकशे दहा मोजणारा मीटर. वीज जातच नसेल, तर शून्याचे दहा टक्के शून्यच. सगळं बंद असताना दिवा लुकलुकतोय याचा अर्थ त्या तारेतून वीज खरोखर जात आहे. प्रश्न एवढाच की ती कुणाकडे जाते.

हा सल्ला आला कुठून? जुन्या चकतीच्या मीटरच्या काळातून. त्या मीटरची ॲल्युमिनियमची चकती कधी कधी भार नसतानाही हळूहळू रेंगाळायची. ते थांबवायला चकतीला भोकंही पाडलेली असायची. त्या वेळी सगळं बंद करून चकती बघणं ही मीटरचीच परीक्षा होती. आताच्या इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये अगदी थोड्या वॅटच्या खालची वीज मोजायचीच नाही, अशी मर्यादा आतच ठेवलेली असते. त्यामुळे काही चालू नसेल तर दिवा एक तर सतत पेटलेला राहतो नाहीतर सतत विझलेला. लुकलुकणं म्हणजे मोजणं.

आता दिवा शोधा. महाराष्ट्रात महावितरणच्या मीटरवर लाल दिवा ठळक दिसतो आणि शेजारी युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं, बऱ्याच मीटरवर ३२००. अमेरिकेत तसं नाही. इथल्या अनेक मीटरवरचा दिवा इन्फ्रारेड असतो, डोळ्याला दिसत नाही. फोनचा कॅमेरा लावून बघा. शक्यतो समोरचा, सेल्फीचा कॅमेरा लावा, कारण मागच्या कॅमेऱ्यावर बहुतेक वेळा इन्फ्रारेड अडवणारी काच असते. जांभळट पांढरा ठिपका दिसेल. तोही सापडला नाही, तर पडद्यावर सरकणारे छोटे चौकोन असतात. वीज जास्त गेली की ते भरभर सरकतात, काहीच जात नसेल तर थांबतात.

मीटरच्या तोंडावर Kh असं लिहून पुढे आकडा असतो. एका लुकलुकीला किती वॅट-तास, हे तो सांगतो. काही मीटरवर Kh सोबत Kt हा वेगळा आकडाही असतो. तसं असेल तर दिव्याला Kt लागू होतो. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजले की हिशेब सोपा आहे:

```
W = 3600 × Kh ÷ t
```

म्हणजे Kh 1.0 असेल आणि दर १२ सेकंदांनी दिवा लुकलुकत असेल, तर त्या क्षणी ३०० वॅट जात आहेत. एक सूचना इथेच. तुमचं उत्तर सातपट जास्त किंवा सातपट कमी येत असेल, तर मीटर सातपट बिघडलेला नाही. तुम्ही 7.2 आणि 1.0 यांतला चुकीचा आकडा घेतलाय.

आणि त्याही आधी एक काम. बिलावरचा मीटर नंबर आणि समोरच्या मीटरवरचा नंबर एकच आहे का, ते बघा. दोन-तीन मीटर शेजारी असले की त्यांच्यावरच्या ‘फर्स्ट फ्लोअर’, ‘बेसमेंट’ अशा चिठ्ठ्या कुणीतरी कधीतरी हाताने लावलेल्या असतात. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका. दोन घरांचे मीटर अदलाबदल झालेले असतील, तर तुम्ही कितीही काटकसर केली तरी शेजाऱ्याचंच बिल कमी होणार.

आता खरी चाचणी. ती तीन पायऱ्यांत करायची, कारण नुसतं ‘सगळं बंद’ म्हणण्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळून जातात.

पहिली पायरी: ब्रेकर सगळे चालूच ठेवा, पण तुमच्या खोल्यांतलं सगळं बंद करा. नुसती बटणं दाबून भागत नाही, प्लग काढा. फ्रीज, मायक्रोवेव्ह, राऊटर, चार्जर, टीव्ही. थर्मोस्टॅटवरून एसी आणि हीटिंग बंद. विजेचा गीझर असेल तर फक्त त्याचा ब्रेकर पाडा. मग दिवा बघा. एक मिनिट नाही, किमान तासभर अधूनमधून बघा, कारण फ्रीजर, डीह्युमिडिफायर, तळघरातला पाणी उपसायचा पंप ही यंत्रं आपापल्या वेळेला सुरू होतात आणि थांबतात.

दुसरी पायरी: दिवा लुकलुकतच असेल, तर तुमच्या पॅनेलमधले ब्रेकर एकेक करून पाडा आणि दर वेळी सेकंद मोजा. ज्या ब्रेकरने लुकलुकणं एकदम मंदावतं, त्या तारेवर तुमच्या खोल्यांबाहेरचं काहीतरी आहे. त्याच क्षणी जिन्यातला दिवा गेला का, वॉशिंग मशीन थांबलं का, गॅरेजमधला घुरघुराट थांबला का, ते एका सोबत्याला बघायला सांगा.

तिसरी पायरी: शेवटी मेन ब्रेकर पाडा. यानंतरही दिवा लुकलुकत असेल, तर मीटर आणि तुमचं पॅनेल यांच्यामधूनच कुणीतरी तार काढलेली आहे. किंवा तो मीटर तुमचा नाहीच.

बघा, लोक सहसा फक्त ही तिसरी पायरी करतात. मेन पाडला, दिवा थांबला, म्हणजे सगळं ठीक. पण घरमालकाची गॅरेजची लाइन तुमच्याच पॅनेलमधून गेली असेल, तर मेन पाडल्यावर तीही थांबते. चोरी तशीच राहते आणि तुमची खात्री पटते की चोरी नाही. भाड्याच्या घरात सगळ्यात महत्त्वाची दुसरी पायरी आहे.

सांभाळायच्या गोष्टी थोड्याच, पण त्या पाळा. मीटरला हात लावू नका, त्याचं सील तोडू नका, पॅनेलचं आतलं झाकण उघडू नका. फक्त ब्रेकरच्या दांड्या हलवायच्या. घरात कुणी ऑक्सिजनच्या किंवा तशा यंत्रावर असेल तर ही चाचणी करू नका. पाऊस चालू असताना पंपाचा ब्रेकर पाडून ठेवू नका. परत चालू करताना आधी मेन, मग बाकीचे एकेक.

एक हिशेब पूर्ण करून बघू. समजा मीटरवर Kh 1.0 आहे. पहिल्या पायरीत, सगळे प्लग काढल्यावर, दिवा दर १२ सेकंदांनी लुकलुकतोय. म्हणजे ३०० वॅट. एकेक ब्रेकर पाडत गेलात आणि चौदा नंबरचा पाडल्यावर वेळ ४० सेकंदांवर गेली. म्हणजे आता ९० वॅट. फरक २१० वॅटचा, आणि त्याच वेळी जिन्यातले दिवे आणि मालकाच्या स्टोअररूममधलं डीह्युमिडिफायर बंद पडलं. उरलेले ९० वॅट लगेच मालकाच्या माथी मारू नका. स्मोक अलार्म, दाराची बेल, हीटिंगच्या यंत्रणेचा कंट्रोल बोर्ड आणि भिंतीत पक्की जोडलेली तशी यंत्रं तुमचीही असू शकतात. जे सिद्ध झालंय तेवढंच धरा.

२१० वॅट दिवसाचे २४ तास, महिन्याचे ३० दिवस चालले, तर १५१ युनिट होतात. युनिटला २० सेंट धरले तर महिन्याला ३० डॉलर, वर्षाला ३६० डॉलरच्या वर. हे यंत्र सतत चालत नसेल तर आकडा कमी होईल, म्हणून वेगवेगळ्या वेळी, निदान तीन दिवस मोजा. गॅस स्टेशनवर रात्रपाळी करणाऱ्या किंवा मोटेलात खोल्या आवरणाऱ्या माणसाने ३६० डॉलरसाठी किती तास घालवले, तो गुणाकार तुमचा तुम्ही करा. मालकाला त्या पैशात जिन्याचा दिवा आणि कोरडी स्टोअररूम फुकट मिळते.

आता कुणी म्हणेल, मग मीटर खरंच कधी फास्ट नसतो का? असतो. कंपन्यांचे लोक ‘आमचा मीटर चुकतच नाही’ असं बोलतात, तेही खोटं आहे. कॅलिफोर्नियात २००९ मध्ये बेकर्सफील्डच्या ग्राहकांनी पीजी अँड ई कंपनीच्या स्मार्ट मीटरविरुद्ध ओरड केली. राज्याच्या आयोगाने बाहेरची संस्था नेमून तपासणी करवली. २०१० मध्ये अहवाल आला: मीटर एकंदरीत अचूक आहेत, पण कंपनीने तक्रारी नीट हाताळल्या नाहीत. लोकांना वाटलं, विषय संपला. मग २०११ मध्ये खुद्द कंपनीनेच सांगितलं की लँडिस अँड गायर या कंपनीचे सुमारे १,६०० मीटर कडक उन्हात तापले की जास्त मोजतात. ते बदलले आणि ग्राहकांना सरासरी ४० डॉलर परत दिले.

या प्रकरणातून दोन गोष्टी कळतात. एक, लाखो मीटरमध्ये खरोखर फास्ट निघालेले थोडे होते आणि नुकसानही सरासरी ४० डॉलरचं होतं. दोन, ते मीटर फक्त तापल्यावर चुकत होते. रात्री गारव्यात सगळं बंद करून दिवा बघणाऱ्याला ती चूक सात जन्मांत सापडली नसती.

फास्ट आहे का हे बघायचंच असेल, तर पारड्यात माहीत असलेलं वजन टाका. दीडहजार वॅटचा खोली तापवायचा साधा हीटर घ्या. पण डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. व्होल्टेज पाच टक्के कमी असेल तर हीटर जवळजवळ दहा टक्के कमी वीज ओढतो. प्लग आणि हीटर यांच्यामध्ये लावायचं छोटं वॅटमीटर मिळतं, काही सार्वजनिक वाचनालयं ते पुस्तकासारखं घरीही देतात. फक्त हीटर चालू, बाकी सगळे ब्रेकर खाली. समजा वॅटमीटर १,४४० वॅट दाखवतोय. Kh 1.0 असेल तर दर अडीच सेकंदांनी एक लुकलुक, म्हणजे शंभर लुकलुकींना २५० सेकंद लागायला हवेत. २४८ लागले तर मीटरला काहीही झालेलं नाही. २२० लागले तर मीटर तेरा-चौदा टक्के जास्त मोजतोय आणि आता तक्रारीत दम आहे.

मोजताना पहिली लुकलुक ‘शून्य’ म्हणून मोजा. ‘एक’ म्हणून सुरू करून दहाव्या लुकलुकीला घड्याळ थांबवलंत, तर मध्ये नऊच अंतरं असतात. त्या वेळेला दहाने भागलं की चांगला मीटर अकरा टक्के फास्ट दिसतो. कितीतरी ‘फास्ट’ मीटर या एका बोटाच्या चुकीने फास्ट ठरलेले असतात. आणि घरच्या या चाचणीची मर्यादाही ओळखा. तिच्यात दहा टक्क्यांची चूक दिसेल, दोन टक्क्यांची दिसणार नाही. तेवढ्यासाठी कंपनीचं प्रमाणित उपकरण लागतं.

म्हणजे तक्रारी दोन आहेत आणि त्या वेगळ्या आहेत. हीटरच्या चाचणीत मीटर पळताना दिसला, तर मीटर तपासणी मागा. न्यू जर्सीत ग्राहकाने मागितल्यास कंपनीने मीटर वर्षातून एकदा फुकट तपासून द्यायचा असतो, आणि तो दोन टक्क्यांहून जास्त फास्ट निघाला तर बिल दुरुस्त करावं लागतं. वाद चालू असेल तर कंपनीने मीटर काढून न्यायच्या आधी सांगायचं असतं, की तुम्हाला राज्याच्या बोर्ड ऑफ पब्लिक युटिलिटीजसमोरही तपासणी करून घेता येते.

पण दुसऱ्या पायरीत परका भार सापडला असेल, तर ‘मीटर फास्ट’ हे शब्द तोंडातून काढू नका. न्यू जर्सीत म्हणा, ‘डायव्हर्जन’ची चौकशी हवी, माझ्या मीटरवर माझ्या घराबाहेरचा भार आहे. न्यूयॉर्कमध्ये शब्द आहे ‘शेअर्ड मीटर’. तिथे भाडेकरूच्या तक्रारीवर कंपनीला चौकशी करावी लागते आणि तसा मीटर निघाला तर खर्चाची जबाबदारी मालकाकडे जाते. कॅलिफोर्नियात भाडेकरूच्या मीटरवर बाहेरची वीज असेल, तर मालकाने ते घर देण्याआधीच सांगून लेखी करार करायचा असतो. चुकीचा शब्द वापरलात तर चुकीचा माणूस येतो, चुकीची वस्तू तपासतो आणि बरोबर उत्तर देऊन निघून जातो.

हे सगळं खातं तुमच्या नावावर असेल तर. वीज मालकाच्या नावावर आणि तुम्ही दर महिन्याला त्याला ‘अर्धे’ देत असाल, तर कंपनी तुमच्याशी बोलणार नाही. तिथे भांडण मालकाशी आहे आणि तुमच्या करारातल्या ओळीशी आहे. आपल्याकडे तर ती ओळच नसते. ‘काका, बिल थोडं जास्त वाटतंय.’ ‘अरे बाळा, अमेरिकेत वीज महागच असते, एसी जरा कमी लावत जा.’ संपलं. काकूंनी दिवाळीला फराळ दिलेला असतो, तो आठवतो, आणि आपण गप्प बसतो. फराळाबद्दल आभार माना. डीह्युमिडिफायरचे पैसे वेगळे मागा.

आणि भीतीचं काय? मीटरची तक्रार हा वीज कंपनीचा आणि राज्याच्या बोर्डाचा विषय आहे, तुमच्या व्हिसाचा नाही. पण घर जाण्याची भीती खोटी नाही, ती सरळ सांगायला हवी. तक्रार केली म्हणून भाडेकरूला घालवण्यापासून वाचवणारा न्यू जर्सीचा कायदा, मालक स्वतः त्याच घरात राहत असेल आणि भाड्याच्या जागा दोनपेक्षा जास्त नसतील तर लागू होत नाही. म्हणजे आपले बहुतेक लोक ज्या घरांत राहतात, नेमकी तीच घरं बाहेर ठेवलेली आहेत. हा कायद्यातला खड्डा आहे आणि तो बुजवा ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. पण तिथेही कोर्टाच्या आदेशाशिवाय कुलूप बदलणं, सामान बाहेर टाकणं किंवा वीज तोडणं बेकायदाच आहे.

म्हणून तोंड उघडण्याआधी कागद तयार ठेवा. मीटर नंबर आणि बिल यांचा एकत्र फोटो. पहिल्या पायरीचा, मग तो एक ब्रेकर पाडतानाचा व्हिडिओ, घड्याळ चौकटीत येईल असा. तारीख, वेळ, सेकंद, वॅट, चार रकाने. तीन दिवसांच्या नोंदी. मग मालकाला ईमेल, तोंडी नाही. उत्तर आलं नाही किंवा ‘एसी कमी लाव’ असं आलं, तर कंपनीला ईमेल, योग्य त्या एका शब्दासह. कंपनीने टोलवलं तर बोर्डाकडे, सगळे कागद जोडून.